घरून कामाचं धोरण लिहायचंय? आधी कामांची यादी करा

लहान कंपन्यांची घरून कामाची धोरणं मी बरीच वाचली आहेत, काही लिहूनही दिली आहेत. त्यांत एक वाक्य हमखास सापडतं: 'कर्मचाऱ्याने कंपनीच्या माहितीच्या सुरक्षिततेची योग्य ती काळजी घ्यावी.' आता समजा शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटला बसमध्ये चढताना कुणाची लॅपटॉपची बॅग गेली. त्या माणसाला या वाक्यातून काय मिळतं? फोन कुणाला करायचा, किती वेळात करायचा, पोलिसांकडे काय लिहून घ्यायचं, आपली नोकरी जाणार की काय, यातलं काहीच त्यात नाही.

धोरणाचं प्रत्येक कलम अशा एखाद्या वाईट संध्याकाळी वाचलं जाणार आहे, असं धरून लिहिलं की ते आपोआप नेमकं होतं. कसं, ते एका उदाहरणावरून पाहू. पुण्यात कोथरूडला ३४ माणसांची एक कंपनी आहे असं धरू. ती ६० छोट्यामोठ्या उद्योगांची पगारपत्रकं तयार करून देते. म्हणजे हजारो लोकांचे पगार, पॅन, आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक रोज या ३४ जणांच्या डोळ्यांसमोरून जातात. यांना घरून कामाचं धोरण लिहायचं आहे.

पहिला प्रश्न साहजिकच येतो तो 'घरून काम कुणाला द्यायचं?' हा. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण ते माणसांची यादी करायला बसतात. सीनियर माणसाला द्या, कामात चांगली आहे तिला द्या, लांबून येतो त्याला द्या. अशी सुरुवात झाली की घरून काम हे बक्षीस होतं आणि ते देणं-काढून घेणं साहेबांच्या मर्जीवर जातं. शेजारच्या टेबलावरच्याला मिळालं, मला का नाही, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणून माणसांऐवजी कामांची यादी करायची.

आपल्या कंपनीतल्या पगारपत्रक विभागात महिन्याला काय काय होतं ते लिहून काढू. ग्राहकाकडून हजेरीचा तक्ता येतो. तो तपासला जातो. सॉफ्टवेअरमध्ये पगार काढला जातो. ग्राहकाची मंजुरी घेतली जाते. बँकेत पगाराची फाइल चढवली जाते. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा असतो आणि १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआयसी. मधल्या काळात ग्राहकांच्या कर्मचाऱ्यांचे 'माझा पगार कमी का आला' असे फोन येतात. आता या प्रत्येक कामाला तीनच प्रश्न विचारायचे. त्याला एखादी हातात धरायची वस्तू लागते का? ही माहिती ऑफिसबाहेर नेऊ नका, असं ग्राहकाने करारात लिहिलं आहे का? हे काम करणारा माणूस अजून शिकतो आहे का, म्हणजे दर अर्ध्या तासाने त्याला शेजारच्याला विचारावं लागतं का?

हजेरी तपासणं, पगार काढणं, फोन घेणं ही कामं तिन्ही प्रश्नांतून सुटतात आणि घरून होऊ शकतात. बँकेची फाइल मात्र अडते. ती एकाने चढवायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, ही मेकर-चेकरची पद्धत आहे, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल कंपनीच्या कपाटात असतो. काही कामांना डिजिटल सहीची डोंगल लागते. ही डोंगल म्हणजे कुणाची तरी कायदेशीर सही. ती पेन ड्राइव्हसारखी खिशात टाकून घरी न्यायची वस्तू नाही. तेव्हा ही दोन कामं ऑफिसातच. ग्राहकांचे करारही उघडून बघावेच लागतात. आपल्या साठांपैकी चार ग्राहकांनी 'माहितीवरची प्रक्रिया सेवा पुरवठादाराच्या ऑफिसातच होईल' असं लिहून घेतलं आहे असं धरू. त्या चौघांचं काम घरून करायचं तर आधी त्यांची लेखी परवानगी हवी. धोरण जाहीर झाल्यावर हे लक्षात आलं, तर दिलेली सवलत परत घ्यायची वेळ येते आणि त्याचा राग धोरणावर निघतो.

एवढं झालं की पात्रतेचं कलम असं लिहिता येतं:

> पगारपत्रक विभागातील, नोकरीला तीन महिने पूर्ण झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला आठवड्यातून तीन दिवसांपर्यंत घरून काम करता येईल. ज्या दिवशी बँक फाइल, डिजिटल सही किंवा परिशिष्टातील चार ग्राहकांचे काम नेमून दिलेले असेल, तो दिवस ऑफिसचा राहील. अर्जाला सात कामाच्या दिवसांत लेखी उत्तर दिले जाईल; नकार असल्यास कोणत्या कामामुळे, ते त्यात लिहिले जाईल.

शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. नकाराचं कारण एखादं काम असलं पाहिजे. 'तुझ्यावर अजून तेवढा विश्वास नाही' असं कारण लिहायची सोयच या वाक्यात राहत नाही. सवलत काढून घ्यायची वेळ आली तरी तेच. तिला ३० दिवसांची पूर्वसूचना ठेवावी, कारण तेवढ्यात कुणीतरी पाळणाघर शोधत असतं किंवा गावाहून खोली बदलून येत असतं.

घर कसं असावं, याबद्दल धोरणात 'स्वतंत्र खोली असावी' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. पुण्या-मुंबईत वन बीएचकेमध्ये चौघं राहणाऱ्याला ही अट म्हणजे सरळ नकारच आहे. आपल्याला खोली नको आहे, स्क्रीन दुसऱ्याला दिसायला नको आणि फोनवरचं बोलणं ऐकू जायला नको. तेवढंच लिहावं: पाठ भिंतीकडे करून बसा, म्हणजे मागून कुणी जाणार नाही, आणि पगाराबद्दलचे फोन हेडफोन लावून घ्या. आकडे आपण मोठ्याने वाचून दाखवायचे नाहीत, समोरच्याला वाचायला सांगायचे.

'घर' म्हणजे कुठलं घर, तेही लिहायला हवं. सांगलीला आईकडे पंधरा दिवस जाऊन काम केलं तर चालेल, फक्त कळवायचं. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या सहकारी बाई तिथून 'थोडं काम बघते' म्हणाल्या, तर मात्र थांबवावं लागतं. त्या पर्यटक व्हिसावर असतात आणि ग्राहकांची माहिती परदेशातून उघडली जाते. तिथे सुट्टी हाच मार्ग.

आता वेळेकडे येऊ. घरून कामात सगळ्यात जास्त कटकटी होतात त्या 'कामाची वेळ' आणि 'सापडण्याची वेळ' एकच धरल्यामुळे. साहेबांना वाटतं, मेसेजला दहा मिनिटांत उत्तर आलं नाही म्हणजे माणूस झोपला आहे. माणसाला वाटतं, दिवसभर हिरवा दिवा पेटता ठेवला की झालं. दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या की भांडणं बरीच कमी होतात. आपल्या कंपनीत रोज आठ तास काम. त्यातले ११ ते ४ सगळ्यांचे समान, कारण ग्राहकांचे फोन त्याच वेळात येतात. उरलेले तास सकाळी ८ ते रात्री ८ यांमध्ये ज्याचे त्याने बसवायचे, पण महिन्याच्या सुरुवातीला सांगून. समान वेळेत फोन आला तर १५ मिनिटांत परत करायचा, चॅटला तासाभरात उत्तर द्यायचं, मेलला त्याच दिवशी. रात्री ८ नंतर आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी ११ पर्यंत उत्तर आलं तर तो उशीर नाही, हेही लिहूनच ठेवायचं. लिहिलं नाही तर लोक रात्री साडेदहाला उत्तरं देत बसतात आणि मग तीच पद्धत होते.

घरून काम केलं म्हणून कामाच्या तासांचा कायदा दाराबाहेर राहत नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर, हे त्याचे दोन मुख्य आकडे. रात्री साडेनऊनंतर एखाद्या महिलेला काम करायला लावायचं असेल तर तिची संमती लागते. रोजच्या तासांचा आणि विश्रांतीचा आकडा मात्र जुन्या नमुन्यातून उतरवू नका, धोरण लिहिता त्या दिवशी लागू असलेल्या मजकुरातून घ्या.

आपल्या कंपनीचा खरा ताण २५ तारखेपासून पुढच्या ७ तारखेपर्यंत असतो. त्या काळात एका मुलीचा एक आठवडा ५४ तासांचा झाला असं समजा. पगार महिना ३१,२०० रुपये. कंपनी २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरते, म्हणजे दिवसाला १,२०० आणि तासाला १५० रुपये. ४८ च्या वरचे सहा तास दुप्पट दराने, म्हणजे ३०० रुपयांनी: १,८०० रुपये. धोरणात बहुधा 'पूर्वपरवानगीशिवाय जादा काम करू नये' असं वाक्य असतं, आणि ते असायला हरकत नाही. पण रात्री नऊला साहेबांनीच 'उद्या सकाळपर्यंत दे' म्हणून फाइल पाठवली, तर तीच परवानगी, हे पुढचं वाक्य त्याला जोडायलाच हवं. नाहीतर पहिल्या वाक्याच्या आडून १,८०० रुपये बुडवले जातात. हे मी होताना पाहिलं आहे, म्हणून सांगते.

विजेचंही कलम हवं. महावितरणचं देखभालीचं काम ठरलेल्या वारी असतं आणि त्याचा मेसेज आदल्या दिवशी येतो. आधी कळलं असेल तर त्या दिवशी ऑफिसला यायचं. अचानक गेली तर साहेबांना कळवायचं आणि दोन तासांपर्यंतची भरपाई त्याच आठवड्यात करायची. त्याहून जास्त वेळ वीज आली नाही तर ऑफिसला यावं किंवा अर्धा दिवस रजा घ्यावी, हे माणसाने ठरवावं. दोन तासांच्या खोळंब्याला परस्पर पगार कापायचा नाही.

इथेच एक छोटं पण अनेकदा विसरलं जाणारं कलम: २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत घरही येतं. व्हिडिओ कॉलवरचं किंवा रात्रीच्या चॅटवरचं वागणं हे 'ऑफिसाबाहेरचं' नाही, आणि तक्रार त्याच अंतर्गत समितीकडे करायची, हे दोन ओळींत लिहावं.

साधनांचा भाग तुलनेने सोपा आहे. पगाराची माहिती फक्त कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर उघडायची, घरच्या कॉम्प्युटरवर अजिबात नाही. घरचा कॉम्प्युटर मुलाच्या गेमसाठी, भावाच्या प्रोजेक्टसाठी वापरला जातो. त्यात काय शिरलं आहे ते कंपनीला बघता येत नाही आणि बघण्याचा हक्कही नाही. लॅपटॉप देताना मेक, सीरियल नंबर आणि चार्जरसकट पावती घ्यावी. इंटरनेटचा महिन्याचा ठराविक भत्ता द्यावा, बिलं मागत बसू नये. नोकरी सोडल्यावर सात दिवसांत लॅपटॉप कंपनीच्या खर्चाने कुरिअरने परत मागवावा.

मोडतोडीच्या कलमात मात्र सावध राहावं. 'लॅपटॉपचे कोणतेही नुकसान कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल केले जाईल' हे वाक्य पुष्कळ ठिकाणी सापडतं आणि ते टिकणारं नाही. पगारातून नुकसानभरपाई कापायची तर नुकसान त्या माणसाच्या हयगयीमुळे झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. व्होल्टेज वर-खाली होऊन मदरबोर्ड जळला ही हयगय नव्हे. त्यापेक्षा विमा कंपनीला एक प्रश्न विचारावा: आपल्या पॉलिसीत ऑफिसच्या पत्त्याबाहेर असलेला लॅपटॉप धरला आहे का? बऱ्याच पॉलिसी जागेला बांधलेल्या असतात. धोरण लागू व्हायच्या आधी हे विचारलं तर बदल करून घेता येतो.

आता पुन्हा स्वारगेटकडे. बॅग गेली ती संध्याकाळी ७:४० ला. पुढचे सहा तास धोरणाने आधीच लिहून ठेवलेले असले पाहिजेत.

सगळ्यात आधी फोन. मेल नव्हे, फोन, कारण मेल त्या लॅपटॉपमध्येच होता. धोरणात दोन माणसांची नावं आणि मोबाइल नंबर हवेत. 'आयटी विभागाशी संपर्क साधावा' असं लिहिलं असेल तर शुक्रवारी रात्री तो विभाग घरी गेलेला असतो. हे नंबर कर्मचाऱ्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापावेत. हरवल्याचं लक्षात आल्यापासून ३० मिनिटांत फोन करणाऱ्यावर, त्या चोरीसाठी कारवाई होणार नाही, हे वाक्य ठळक लिहावं. माणसं भीतीपोटी रात्रभर शोधत बसतात आणि सकाळी सांगतात. चोराला तेवढी रात्र पुरते.

फोन घेणाऱ्याने त्या माणसाचं कंपनीचं खातं लगेच बंद करायचं आणि सगळीकडची लॉगिनं तोडायची. लॅपटॉप दूरून पुसून टाकायची सोय असेल तर तो हुकूम द्यायचा, पण त्याची मर्यादा माहीत असू द्या: लॅपटॉप इंटरनेटला जोडला जाईल तेव्हाच तो हुकूम पोहोचतो. चोराने डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर तो कधीच पोहोचत नाही. तिथे वाचवते ती डिस्कची कुलूपबंदी, म्हणजे एन्क्रिप्शन. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतो. तो चालू आहे की नाही, हे अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बघता येतं:

```
manage-bde -status C:
```

उत्तरात दोन ओळी बघायच्या.

```
Percentage Encrypted: 100.0%
Protection Status:    Protection On
```

पहिली ओळ बघून समाधान मानणारे पुष्कळ असतात. पण बायॉस अपडेट करताना बिटलॉकर तात्पुरता थांबवलेला असतो आणि नंतर चालू करायचा राहून जातो. तेव्हा पहिल्या ओळीत १०० टक्केच दिसतं आणि दुसरीत `Protection Off`. म्हणजे डिस्क कुलूपबंद आहे आणि किल्ली कुलपालाच लटकवून ठेवली आहे. म्हणून धोरणात 'लॅपटॉप एन्क्रिप्टेड असावा' एवढं पुरत नाही. 'दर महिन्याच्या १० तारखेला आयटी प्रत्येक लॅपटॉपची ही स्थिती नोंदवेल' असं लिहावं. चोरीच्या रात्री ग्राहकाला दाखवायला हीच नोंद हातात असते. आणखी एक सवय: प्रवासात लॅपटॉप नुसता झाकून न नेता पूर्ण बंद करून न्यायचा. झोपलेला लॅपटॉप चालूच असतो आणि त्याची किल्ली मेमरीत राहते.

पोलिसांकडे चोरीचा एफआयआर मागायचा. नुसत्या 'गहाळ' नोंदीवर विम्याचा दावा अडतो.

आता ते सहा तास का, ते सांगते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यांत दिलेल्या प्रकारांतली सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. माहिती फुटणं आणि कुणी परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरणं हे त्यातले प्रकार आहेत. कुलूपबंद, बंद केलेला लॅपटॉप चोरीला जाणं आणि चालू लॅपटॉप उघडा असताना जाणं यांत म्हणूनच फार फरक पडतो, आणि हा फरक ठरवायला धोरणात नंबर दिलेल्या त्या दोन माणसांपैकी एक जण रात्री जागा लागतो. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आपल्या उदाहरणात कायद्याची थेट जबाबदारी ग्राहक कंपनीवर येते, कारण माहिती त्यांच्या कर्मचाऱ्यांची. त्यामुळे ते ती करारातून आपल्यावर टाकणारच. ग्राहकाला किती तासांत कळवायचं हा आकडा करारातून उचलून धोरणात घातला नाही, तर रात्री कुणालाच तो आठवत नाही.

चोरी क्वचित होते. रोज होणारी गोष्ट साधी असते. फॉर्म १६ छापायचा आहे, घरी प्रिंटर नाही. मग ती पीडीएफ खालच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. दुकानदार भला माणूस असतो, पण त्याच्या फोनमध्ये आणि दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये ती फाइल राहते, पॅन आणि पगारासकट. त्याच्या शेजारी कुणाचं तरी लग्नाचं बायोडेटा, कुणाचा तरी सातबारा. 'गोपनीय माहिती त्रयस्थास देऊ नये' हे वाचून कुणालाही वाटत नाही की हे झेरॉक्सच्या दुकानाबद्दल आहे. म्हणून सरळ लिहावं: ग्राहकाचा कोणताही कागद घरी किंवा दुकानात छापायचा नाही, छापायचा असेल तर ऑफिसच्या दिवसासाठी ठेवायचा. आणि घाई असेल तर कोथरूडच्या ऑफिसात कुणाला तो छापायला सांगायचं, त्याचं नाव. मनाई लिहिली आणि पर्याय लिहिला नाही, तर लोक मनाई मोडतात, कारण काम थांबवता येत नाही.

मसुदा तयार झाला की मी तो वकिलांकडे पाठवण्याआधी, नुकतेच तीन महिने पूर्ण झालेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला देते आणि पाच प्रश्न विचारते. उद्या सकाळी ९ ते १ लाइट नाही असा मेसेज आला, तू काय करशील? रात्री पावणेनऊला साहेबांची फाइल आली, ती उघडशील का? चार्जर जळला, नवा कोण घेणार? ग्राहक म्हणाला, पगाराचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तर? बॅग गेली, पहिला फोन कुणाला? ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून 'मॅडमना विचारीन' येतं, ते कलम मी परत लिहायला घेते. पहिल्या खेपेला पाचापैकी तीन-चार कलमं परत येतातच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तक्त्याचं तर दर वेळी.